'रेनकोट निघव': झोपताना सांगायच्या गोष्टीतल्या ओवीचं बोलणं खरं वाटतं का?

मुक्काम_परळ

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना रात्री वाचून दाखवायची गोष्ट लिहायला घेतली आहे. परळच्या चाळीतलं दीड खोलीचं घर, जुलैचा पाऊस, दीड वर्षाची ओवी. ओवी स्वतःचे शब्द बनवते आणि त्या चुकांमागे काहीतरी नियम आहे हे आईबाबांच्या हळूहळू लक्षात येतं, एवढीच गोष्ट. पहिला खर्डा असा:

> ओवी पाळणाघरातून आली. "आई, मोदे निदव." आई हसली.
> बाबांनी फुगा आणला. "बाबा, फुदा फुतव." बाबा हसले.
> रात्री आभाळ भरून आलं. "आई, तांदोबा दिथव." आई म्हणाली, "दिथव नाही गं, दाखव म्हण."
> मग बाबांच्या लक्षात आलं, की ओवीला एक नियम सापडला आहे.

पुढे ओवी मोठी होते आणि सगळं बरोबर बोलू लागते. अडलंय ते तीन ठिकाणी. या वयाचं मूल असं बोलतं का? चुका पटतात का? आणि 'नियम सापडला आहे' हे वाक्य शाळेच्या फळ्यावरून उतरल्यासारखं वाटतंय, त्याचं काय करू?

बोरिवलीस्लो

'मोदे' वाचून मला वाटलं गणपती आले, पोरगी मोदक मागतेय.

बाकी नियमबियम काही नसतो हो. पोरं ऐकतात तेच बोलतात. मुंबईत निम्मी माणसं 'मी सांगलं', 'तू बघलं का' असंच बोलतात. पाळणाघरातल्या मावशी बोलत असतील, पोरीने उचललं. गोष्टीत एक मावशी घाला, काम झालं.

अनुस्वार

'सांगलं' आणि 'बघलं' बाबत बोरिवलीस्लो बरोबर आहेत. ही रूपं मोठी माणसं बोलतात, त्यामुळे मुलाच्या तोंडी आली तर ती मुलाने घडवली की ऐकली, हे सांगताच येत नाही. गोष्टीतून ती दूरच ठेवा.

पण 'निघव' कुणाकडून ऐकणार? 'फुटव', 'दिसव' हे शब्द गिरगावपासून विरारपर्यंत कुठलीच मावशी बोलत नाही. जो शब्द आसपास कुणीच उच्चारत नाही तो मुलाच्या तोंडी आला, तर तो मुलाने जुळवलेला असतो. तुमच्या खर्ड्यातली सगळ्यात दमदार गोष्ट तीच आहे, कारण तिन्ही शब्द एकाच साच्यातून निघालेत.

तो साचा मराठी घरात दिवसभर कानावर पडतो. बाळाला बस म्हणायचं, पण बाहुलीला बसव. आपण झोप, बाळाला झोपव. पंखा थांबला, पंखा थांबव. घंटा वाजली, घंटा वाजव. शिवाय उठव, हसव, लपव, फिरव, विझव आहेतच. कुणी आपणहून काही करतं तेव्हा एक शब्द, आणि दुसऱ्याने ते घडवून आणलं की त्याच शब्दाला 'व'. मुलाला हे कुणी समजावत नाही. बऱ्याच जोड्या कानावरून गेल्या की ते स्वतःच जोडायला लागतं.

गोची अशी, की रोजच्या वापरातल्या काही जोड्या या साच्यात बसत नाहीत. पडणेचं पाडणे होतं, जळणेचं जाळणे, फुटणेचं फोडणे, तुटणेचं तोडणे. निघणे आणि काढणे तर एकमेकांचे कुणी लागतच नाहीत. दिसणे आणि दाखवणे यांचंही नातं कानाला सहज कळत नाही. मूल अशा ठिकाणी हात घालतं आणि सरळ 'व' लावून मोकळं होतं: पडव, तुटव, फुटव, निघव, दिसव.

आता आईबाबांच्या नजरेने बघा. ओवी 'बाहुलीला बसव' म्हणते तेव्हाही बहुधा हाच नियम चालवत असते, पण उत्तर बरोबर येतं म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. नियम दिसतो तो 'निघव'मध्ये. बाबांना काही कळायचं असेल तर ते इथे कळायला हवं. 'निघव' आणि 'बसव' एकाच जागेवरून येतात हे त्यांना दिसलं, की तुमचं फळ्यावरचं वाक्य लिहावंच लागणार नाही.

शब्दपाखरू

मुलांच्या वाचा-भाषेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून दोन गोष्टी.

एक, वय. दीड वर्षाचं मूल 'मम्मम', 'भूर', 'बाऊ' आणि फार तर 'आई पाणी' अशा टप्प्यावर असतं. 'निघव' घडवायला आधी बसव-झोपव अशा बऱ्याच जोड्या साठलेल्या लागतात, त्यामुळे ओवी अडीच ते साडेतीनच्या मधली हवी. पावणेतीन धरा, मग तिच्या तोंडी तीन-चार शब्दांची वाक्यंही शोभतील.

दोन, बोबडेपणा. खर्ड्यात दोन वेगळ्या जातीच्या चुका एकात एक मिसळल्यात. 'चांदोबा'चा 'तांदोबा' होतो तो जिभेमुळे, आवाज अजून बसलेला नाही म्हणून. 'दिसव' ही जिभेची चूक नाही, ओवीला तो शब्द तसाच म्हणायचा आहे. दोन्ही एकत्र आल्या की 'दिथव' होतं आणि वाचणाऱ्याला कळतच नाही, हसायचं कशाला. 'मोदे'चे मोदक झाले ते त्यामुळेच. शब्द घडवण्याची चूक दाखवायची तर उच्चार स्वच्छ ठेवा. हवाच असेल तर एकच बोबडा शब्द घ्या, समजा 'लिक्षा', आणि तो गोष्टभर तसाच राहू द्या. र चा ल करणारं मूल तो सहसा सगळीकडे करतं. एका पानावर 'लिक्षा' आणि दुसऱ्यावर 'रेनकोट' आला तर जाणकार वाचक अडखळेल.

मुक्काम_परळ

मग 'रेनकोट'चं 'लेनकोट' करावं लागेल. बोबडं बोलणं काढूनच टाकते. ओवी पावणेतीन वर्षांची.

बोरिवलीस्लो

रेनकोट कुठून आला? मोजे होते ना? असो, जुलैत मुंबईच्या पोराच्या पायात मोजे कशाला असतील? रेनकोटच बरा, तो अंगाला चिकटतो आणि खरंच निघत नाही.

आजोबा_गिरगाव

प्रयोजक क्रियापदांचा विषय निघाला म्हणून लिहितो. लहान मुलांच्या हाती जाणाऱ्या छापील मजकुरात अशुद्ध रूपं असावीत, हे मला पटत नाही. 'निघव' शब्द पुस्तकात पाहिला की मूल तो बरोबर समजणार. आधीच 'तिने बोललं' असं मोठी माणसं बोलू लागली आहेत. 'ती बोलली' म्हणायचं असतं हे सांगावं लागतं! त्यात ही भर कशाला?

अनुस्वार

काका, 'तिने बोललं' हे उदाहरण तुम्ही नेमकं दिलंत. तिने सांगितलं, तिने विचारलं, तिने ऐकलं, मग तिने बोललं का नाही? बोलणे, शिकणे, विसरणे यांसारखी मोजकी क्रियापदं वेगळी चालतात, आणि बोलणारा त्यांना बहुसंख्यांच्या ओळीत आणून बसवतो. ओवी जे करते तेच मोठी माणसंही करताहेत.

तुमच्या आक्षेपापुरतं म्हणाल, तर तीन वर्षांचं मूल पुस्तक वाचत नाही, ऐकतं. त्याच्या कानावर 'काढ' दिवसातून वीसदा पडतं, 'निघव' रात्री एकदा. पारडं कुठे झुकेल ते उघड आहे.

आजोबा_गिरगाव

रोज रात्री तेच पुस्तक मागणारी मुलं तुम्ही पाहिली नसावीत.

दोनपिल्लं

माझा धाकटा बावीस महिन्यांचा आहे, सात-आठच शब्द बोलतो, 'निघव' वगैरे काहीच नाही. थोरली या वयात गाणी म्हणायची. अशा गोष्टी वाचून दाखवल्या तर बोलायला लागेल का? किती वाचायच्या?

शब्दपाखरू

ताई, धाग्याचा विषय वेगळा आहे, पण हे राहू देऊ नका. 'निघव' न म्हणणं या वयात अगदी ठीक, ते पुढचं पाऊल आहे. शब्दांची संख्या मात्र बघायला हवी. दोन वर्षांचं होईपर्यंत पन्नासेक शब्द नसतील, किंवा 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडले जात नसतील, तर तज्ज्ञांना दाखवायचं असतं. सुरुवात कानाच्या तपासणीने होते, कारण कमी ऐकू येणारं मूलही हाक मारल्यावर कधीकधी वळतं आणि घरच्यांना शंका येत नाही. दोन महिने थांबण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोला. गोष्टी वाचत राहा, पण तपासणीच्या ऐवजी नको.

दोनपिल्लं

बरं. या आठवड्यात जाते.

अनुस्वार

परत ओवीकडे. खर्ड्यातली मोठी अडचण चुकांच्या क्रमात आहे. ओवी आधी चुकते, मग मोठी होऊन बरोबर बोलते, असं तुम्ही लिहिलंय. खरा क्रम बहुतेक वेळा याहून विचित्र असतो. मूल आधी 'काढ' बरोबर म्हणतं, कारण ते अख्खंच्या अख्खं ऐकून पाठ झालेलं असतं. नियम हाती लागल्यावर तेच मूल 'निघव' म्हणू लागतं. आणि पुढे कित्येक महिन्यांनी 'काढ' परत येतं. मधल्या काळात दोन्ही रूपं एकाच तोंडात नांदतात. सकाळी 'काढ', रात्री दमल्यावर 'निघव'.

तुमच्या गोष्टीला यातून आयता पेच मिळतो. आईला आठवतं, की होळीच्या सुमारास ही पोरगी 'टोपी काढ' असं स्वच्छ म्हणत होती. मग आता काय झालं, मागे गेली की काय? आईची ही काळजी खरी आहे, आणि बाबांनी मांडलेला हिशोब हे तिचं उत्तर. नुसतं 'किती गोड बोलते' यावर गोष्ट दोन पानांच्या पुढे सरकणार नाही.

एक पथ्य पाळा. ओवीला प्रत्येक वाक्यात चुकवू नका. १९९२ मध्ये गॅरी मार्कस, स्टीव्हन पिंकर आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या ८३ मुलांचं बोलणं तपासलं. नियमात न बसणाऱ्या क्रियापदांच्या भूतकाळात मुलं असा नियम लावून किती वेळा चुकतात, त्याचा मध्यक फक्त अडीच टक्क्यांच्या आसपास निघाला. तो आकडा मराठीला आणि 'व'ला जसाच्या तसा लावू नका, पण धडा घ्या. चुका आपल्या लक्षात राहतात म्हणून जास्त वाटतात. सात-आठशे शब्दांच्या गोष्टीत तीन 'व' पुरे.

बोरिवलीस्लो

बरं, मानलं. पण मग 'मी करलं', 'ती जाली' का नाही घेत? ते तर सगळ्यांना ओळखीचं आहे. बसली, हसली, पडली, तसं जाली. लोक लगेच हसतील.

अनुस्वार

'करलं' चालेल. 'जाली'त खोच आहे. लहान मुलाच्या तोंडी 'झाली'सुद्धा 'जाली'च ऐकू येतं. 'आजी जाली' म्हणजे आजी गेली की आणखी काही झाली, हे ऐकणाऱ्याला कळत नाही, मग बाबांनी टिपून ठेवलेला पुरावाही लटका पडतो. 'येली' जास्त स्वच्छ आहे.

तरी या गोष्टीत 'ल'चा नियम आणूच नये असं मला वाटतं. दोन नियम आले की वाचक 'ही पोरगी सगळंच चुकीचं बोलते' एवढंच घेऊन जातो. एक नियम तीनदा दिसला तर चार वर्षांचा श्रोताही चौथ्यांदा स्वतः म्हणेल.

आणि लिहिताना सगळ्यात उपयोगी पडेल ते हे: ओवीच्या प्रत्येक शब्दाचं बी मोठ्यांच्या वाक्यात आधी पेरा. 'निघव' आकाशातून पडत नाही. आधी आई म्हणते, "हात निघत नाहीये गं." ओवीने 'निघ' तिथून उचललं आणि 'व' स्वतःचा लावला. बाबा म्हणतात, "चांदोबा आज दिसत नाही," त्यावर ती म्हणते, "मग दिसव." हे एक-दोन ओळी आधी यायला हवं. वाचणाऱ्या आईबाबांना शब्द घडताना दिसतो, आणि समजावून सांगणारं वाक्य गळून पडतं.

शब्दपाखरू

याला जोडून, "दिथव नाही गं, दाखव म्हण" हे आईच्या तोंडून काढा. मूल त्याच्या कामात असतं, त्याला चंद्र हवा असतो. 'म्हण' म्हटलं की एकतर ते गप्प होतं, नाहीतर "दाखव म्हण" असं अख्खं वाक्य परत म्हणून दाखवतं. त्यापेक्षा आईने काम करावं आणि करताना बरोबर शब्द वापरावा: "काढते हं, आधी डावा हात काढूया." बरोबर रूप कानावर पडतं, तेही त्याच क्षणी, त्याच रेनकोटाबद्दल, आणि संवाद तुटत नाही. गोष्टीच्या लयीलाही हे सोयीचं आहे. ओवीचा 'निघव', आईचा 'काढते', अशी जोडगोळी होते.

मुक्काम_परळ

हे सगळं घेऊन पहिला प्रसंग नव्याने लिहिला:

> ओवी भिजून आली. रेनकोट अंगाला चिकटला होता. आईने बाही ओढली, गळा ओढला.
> "अगं, हात निघतच नाहीये तुझा!"
> ओवीने दोन्ही हात वर केले. "निघव ना मग."
> "काढते हं," आई म्हणाली. "हा एक हात काढला. हा दुसरा काढला."
> रेनकोट दाराच्या खिळ्यावर जाऊन बसला आणि टपटप टपटप गळायला लागला.
> आई बाबांना हळूच म्हणाली, "अहो, होळीला ही 'टोपी काढ' म्हणायची ना?"

पुढे फुगा. बाबा म्हणतात, "सांभाळ, फुटेल हं!" ओवीला फुटायलाच हवा असतो, म्हणून "फुटव, फुटव!" मग बाबा लाइटबिलाच्या पाठीवर लिहायला बसतात. एका बाजूला 'निघव, फुटव', दुसऱ्या बाजूला 'बसव, झोपव, वाजव'. आधी त्यांना वाटतं, ही सगळ्यालाच 'व' लावते. पण ओवी 'मी खेळते', 'मी पडले' असंच म्हणते, तिथे 'व' नसतो. इथे मी थांबलेय. त्यांना खात्री कशी पटावी?

अनुस्वार

'मी पडले' ही ओळ फार चांगली आली. खरी परीक्षा तीच आहे: नियम कुठे लावते यापेक्षा कुठे लावत नाही. स्वतः पडली तर 'पडले', ठोकळ्यांचा मनोरा पाडायचा तर 'पडव'. म्हणजे 'व'चं काम तिला नेमकं कळलेलं आहे.

खात्रीसाठी बाबांना एक खेळ खेळू द्या. १९५८ मध्ये जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला 'वग' असं बनावट नाव दिलं, आणि असे दोन झाले तर काय म्हणाल ते विचारलं. शब्दच नवा, त्यामुळे अनेकवचन कुठे ऐकलेलं असण्याचा प्रश्न नव्हता, तरी बहुतेक मुलांनी ते बरोबर केलं. बाबांनी तसंच एक बनावट क्रियापद काढावं. 'ढुमणे' घ्या. डोक्यावर हात ठेवून एका पायावर उडी मारणं म्हणजे ढुमणे.

खेळाचा क्रम महत्त्वाचा आहे. बाबा स्वतः ढुमतात आणि म्हणतात, "बाबा ढुमतोय." दोन-तीनदा. मग थांबतात. "अरे, बाबा आता ढुमत नाही! आईला सांग, काय करायचं?" एवढंच विचारायचं. ओवी "आई, बाबाला ढुमव" म्हणाली की झालं. हा शब्द जगात कुणीच आधी बोललेलं नाही.

बोरिवलीस्लो

बाबांऐवजी बाहुली ढुमवली तर? चित्रात बाहुली गोड दिसेल.

अनुस्वार

तिथे खेळ फसतो. बाहुली हातात धरून नाचवावी लागते, म्हणजे ती आपणहून ढुमत नाही, बाबाच काहीतरी करताहेत असं मुलाला दिसतं. मग 'ढुमणे' याचाच अर्थ तिच्या डोक्यात 'बाहुली उडवणे' असा बसतो, आणि पुढे 'व' लावायचं कारणच उरत नाही. ती "आई, बाहुली ढुम" म्हणेल आणि बाबा उगाच हिरमुसतील. ढुमणारा स्वतःच्या पायाने ढुमला पाहिजे.

दुसरा फसवा प्रकार तुम्ही आत्ताच केलात. 'ढुमवली' हा शब्द ओवीच्या आधी कुणाच्याही तोंडी यायला नको, नाहीतर ती फक्त ऐकलेलं परत म्हणतेय असा आक्षेप येतो. तुमचाच पहिला आक्षेप!

तिसरं, बनावट शब्द व्यंजनावर संपणारा घ्या. खा, पी, दे यांच्या वाटेला जाऊ नका. तिथे भरवणे, पाजणे असे वेगळेच शब्द आहेत आणि मोठ्यांचीही जीभ अडखळते.

बोरिवलीस्लो

पकडलंत. मावशी मागे घेतली.

रात्रपाळी

वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवणाऱ्यांच्या बाजूने बोलते. ढुमण्याचा खेळ उत्तम आहे, पण झोपायच्या गोष्टीत चुकीच्या जागी आलाय. एका पायावर उड्या म्हटल्यावर ऐकणारं मूल पांघरुणातून बाहेर येणार आणि अर्धा तास ढुमणार. तो प्रसंग मधे ठेवा, संध्याकाळच्या वेळेत, आणि नंतर किमान दोन पानं उतरती लय द्या: जेवण, दिवा, पाऊस. चांदोबा शेवटीच राहू दे.

नाहीतर उडीच बदला. ढुमणे म्हणजे डोळे मिटून हळू डुलणं, असं केलंत तर खेळ तोच राहतो आणि मूल पडल्या पडल्या करू शकतं.

लांबीचं म्हणाल तर रात्री शांतपणे वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. सातशे शब्द म्हणजे सात मिनिटं, ते बरोबर आहे. 'निघव' वाचताना त्यावर जोर देऊ नये, हे मात्र पुस्तकाच्या शेवटी मोठ्यांसाठी लिहाच. वाचणारे लाडात येऊन तो शब्द खेचून म्हणतात, मग मुलाला वाटतं हा हसायचा शब्द आहे आणि ओवी वेडी. तीन वर्षांच्या श्रोत्याला 'निघव' चुकीचं वाटणारच नाही कदाचित, कारण तोही तसंच म्हणत असेल. ते हसू मोठ्यांचं आहे, ते मोठ्यांनी मनात ठेवावं.

आजोबा_गिरगाव

डुलणं चांगलं. पण मग पाच वर्षांच्या श्रोत्याचं काय? त्याला 'काढ' पक्कं येतं. तो ओवीला हसणारच.

शब्दपाखरू

हसेल, आणि "निघव नाही, काढ!" असं ओरडेलही. ते वाईट नाही, काका. याचा अर्थ दोन्ही रूपांतला फरक त्याला आता वेगळा काढून दाखवता येतो. तीन वर्षांच्या मुलाला तो सहसा दाखवता येत नाही. पण एकाच खोलीत थोरला हसला आणि धाकटा गप्प झाला, तर धाकट्यासाठी गोष्ट बिघडते हे मान्य. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

अनुस्वार

थोरला भाऊ गोष्टीतच आणला तर? त्याने एकदा हसावं, आणि पुढच्याच पानावर त्याच्या तोंडून 'ताईने मला बोललं' निघावं. काकाही खूश.

आजोबा_गिरगाव

खूश नाही. पण चालेल.

मुक्काम_परळ

भाऊ आणला तर शब्द हजारावर जातील आणि सात मिनिटांची दहा होतील. विचार करते. तोवर शेवट टाकते. 'ओवी मोठी झाली आणि बरोबर बोलू लागली' हे काढलंय.

> पाऊस थांबला. पण ढग हटेनात.
> "चांदोबा दिसत नाही," बाबा म्हणाले.
> "दिसव," ओवी म्हणाली.
> "उद्या दाखवतो हं."
> "उद्या दाखव," ओवी म्हणाली. मग जरा वेळाने उशीत तोंड खुपसून म्हणाली, "आणि आज दिसव."

रात्रपाळी

'उशीत तोंड खुपसून' मोठ्याने वाचताना अडतं. 'उशीत शिरून' करा.

अनुस्वार

दोन्ही रूपं पाठोपाठ आली हे बरोबर आहे. मात्र 'उद्या दाखव' हे तिने बाबांचं नुकतंच ऐकून म्हटलंय, आणि 'आज दिसव' स्वतःचं. बाबांना ते कळलं असं कुठेही लिहू नका. आणि लाइटबिल? ते कुठे गेलं? त्यावर तिसरा शब्द लिहायचा राहिलाय.

मुक्काम_परळ

अंधारात लिहितील की सकाळी, ते ठरत नाहीये. दिवा लावला तर ओवी उठेल.

बोरिवलीस्लो

उठेल नाही, उठवाल.